दहा मिनिटांची गोष्ट



नणंदबाईंच्या मुलीची पत्रिका दाखवायला आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यात गेलो होतो. जोशीकाकांना मोतीबिंदूमुळे दिसत नाही, म्हणून त्यांच्याकडे शिकणाऱ्या पोरानेच पत्रिका मांडली. विशीतला असेल. बराच वेळ तो गप्पच.

मग म्हणाला, "काकू, सिंह लग्न आहे, मंगळ कुंभेत, म्हणजे सातव्या घरात. मंगळदोष आहे."

नणंदबाईंचा चेहरा उतरला. पोराने खरं तेही सांगितलं, की लग्न अगदी शेवटच्या अंशांवर आहे. जन्म दहा मिनिटं उशिरा असता तर कन्या लग्न येऊन मंगळ सहाव्यात गेला असता, दोष उरला नसता.

"मग वेळ तेवढी पुढे लिही ना बाबा!"

"दवाखान्याच्या कागदावरची वेळ मी कशी बदलू, काकू? घरच्या घड्याळाची असती तर शंका घेतली असती."

मला आपलं सत्य अणुव्रत आठवलं. मोठ्या असत्यांत पहिलंच कन्यालीक, म्हणजे मुलीविषयी खोटं बोलणं. व्याख्यानात कितीदा ऐकलं, पण त्या ओसरीवर मीही मनात म्हणत होते, लिहून टाक रे!

नणंदबाईंनी तीच पत्रिका मुलाकडे पाठवली. उत्तर अजून यायचं आहे.