अठ्ठेचाळीस आकडे

रविवारी रात्री लॅपटॉपने फर्मवेअर अपडेट मागितलं, मी हो म्हटलं आणि चहा करायला गेले. परत आले तर निळ्या पडद्यावर एक लांब रिकामी चौकट होती. माझा नेहमीचा पिन तिथे चालत नव्हता. बिटलॉकरला ४८ आकड्यांची रिकव्हरी की हवी होती. त्या लॅपटॉपमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज होती. आजी गेली त्याला दीड वर्ष झालं, आणि कॉपी कुठेच नव्हती.

सोमवारी दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट करून देतो, तासाभरात लॅपटॉप चालू." तो खोटं बोलत नव्हता. लॅपटॉप खरंच चालू झाला असता, फक्त आजी पुसली गेली असती. मी लॅपटॉप उचलून घरी आले.

हे का होतं ते नंतर समजलं. डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपकडे असते. लॅपटॉप सुरू होताना फर्मवेअर आणि सुरुवातीच्या सेटिंग्जची मोजमापं या चिपमध्ये नोंदली जातात. ती ठरल्यासारखी जुळली तरच चिप किल्ली सोडते. अपडेटने फर्मवेअर बदललं की मोजमाप बदलू शकतं. मग चिपच्या नजरेत हा नेहमीचा लॅपटॉप राहत नाही. तो चोरानेही उघडलेला असू शकतो, म्हणून ती हात आखडते. डिस्क बिघडलेली नसते, फक्त ओळख पटलेली नसते.

की कुठे शोधायची? मी फोनवर aka.ms/myrecoverykey उघडलं आणि माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून लॉगिन केलं. तिथे एकही की नव्हती. आता संपलंच, असं वाटलं.

मग आठवलं की लॅपटॉप मुळात माझा नाहीच. तो चुलतभावाचा, दादाचा. बंगळुरूला जाताना त्याने माझ्यासाठी वेगळा युजर बनवून तो मला दिला होता. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागतं. जो पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने ॲडमिन म्हणून लॉगिन करतो, त्याच्याच खात्यात की जमा होते. नंतर वापरणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. जुना लॅपटॉप घेतला असेल तर आधीच्या मालकाला विचारायचं. ऑफिस-कॉलेजच्या खात्याने सुरू केला असेल तर तिथल्या आयटी विभागाला.

दादाला फोन लावला. त्याच्या खात्यात तीन की निघाल्या.

"यातली कुठली गं?"

पडद्यावर चौकटीजवळ की आयडी असतो. माझा 5F3A91C2 ने सुरू होत होता. पहिली आठ अक्षरं जुळणारी की दादाने शोधली आणि एकेक आकडा वाचून दाखवला. मी वहीत लिहून घेतला आणि टाइप केला. चुकीचा!

"तू नीट लिहिलंस ना?"

"तू नीट वाचलंस ना?"

इथे एक गंमत उपयोगी पडली. या कीचे सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर एकेक गट भागत गेले. चौथा गट होता ३१८४८२. उत्तरात पूर्णांक आला नाही. दादाला तेवढाच गट पुन्हा वाचायला लावला. तो ३१८४७२ होता. सात म्हणालेला मला आठ ऐकू आला होता. ३१८४७२ भागिले ११ म्हणजे २८९५२. दुरुस्त करून एंटर दाबलं आणि विंडोज उघडलं.

सगळ्यात आधी रेकॉर्डिंग्ज पेन ड्राइव्हवर घेतली. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून की पाहिली:

```
manage-bde -protectors -get C:
```

ती कागदावर उतरवून कपाटात ठेवली, लॅपटॉपच्या बॅगेत नाही. लॅपटॉपमध्येच सेव्ह करून तर काहीच उपयोग नाही, कारण गरज पडते तेव्हा तोच बंद असतो.

आता फर्मवेअर अपडेटआधी मी कुलूप तात्पुरतं थांबवते आणि अपडेट झालं की पुन्हा सुरू करते:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
manage-bde -protectors -enable C:
```

मधल्या काळात डिस्क उघड्या दारासारखी असते, त्यामुळे दुसरी ओळ विसरायची नाही. ती चालवली की चिप नवं मोजमाप लक्षात ठेवते. की टाकल्यावरही दर वेळी तोच निळा पडदा येत असेल, तर हाच उपाय करून पाहायचा.

आणि की कुठेच सापडली नाही तर? तर दुकानदार, कंपनी, कुणीही ती परत बनवून देऊ शकत नाही. या कुलपाला मागचं दार नाही. तेव्हा मात्र फॉरमॅटच. दादाने जुनं खातं बंद केलं असतं तर माझंही तेच झालं असतं.

त्या रात्री दादा फोनवरच होता. म्हणाला, "एक ओवी लाव ना." मी लावली. आधी जात्याची घरघर आली, मग आजी.