तीन बाजार झाले, जखम तशीच: एक छोटं पथनाट्य

तोंडात न भरणारी जखम घेऊन कुणी आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "ही पहिल्यांदा कधी जाणवली?" रुग्ण म्हणतो, "झाले असतील चार महिने." आणि शेजारी बसलेली बायको चमकून नवऱ्याकडे बघते. तिला पंधरा दिवसांपूर्वीच कळलेलं असतं, तेही भाकरी दुधात कुस्करून मागायला लागला म्हणून. हातावरची जखम लपत नाही, पण गालाच्या आतली महिनोन् महिने लपते.

या लपवण्यावरच आम्ही एक पथनाट्य बसवलं आहे. बारा-तेरा मिनिटांचं, आठवडी बाजाराच्या दिवशी करायचं. चार माणसं, एक हलगी आणि एक टॉर्च एवढं पुरतं. त्याची संहिता इथे देतो आहे. मध्येमध्ये थांबून, अमुक वाक्य तिथे का आहे तेही सांगतो. तुमच्या गावात करायचं असेल तर खुशाल करा, नावं बदला, बोली बदला.

प्रवेश पहिला

(हलगी थांबते. तिघं मित्र बसलेत. मध्ये कागदावर भजी आणि तळलेल्या मिरच्या.)

शिवा : घे की दत्ता. मिरची गार झाली.

दत्ता : नको. पित्त झालंय.

अन्वर : मागच्या बाजारीबी पित्तच होतं.

दत्ता : उष्णता हाय रं अंगात. ऊन बघतोस न्हवं?

शिवा : आणि त्याच्या मागच्या बाजारी मिसळ नको म्हणालास, ती?

दत्ता : डाक्टर हायस का तू? (पुडी काढतो, चुना लावून तंबाखू मळतो, उजव्या गालात ठेवतो.)

अन्वर : (प्रेक्षकांना) वीस वर्षं बघतोय याला. बार भरला की डाव्या गालात. आज उजव्यात कसा?

हे शेवटचं वाक्य नाटकातलं सगळ्यात महत्त्वाचं. तंबाखूची गोळी माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवतो, खालच्या दाढा आणि गाल यांच्यामधल्या खाचेत. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग बऱ्याचदा त्याच जागी सुरू होतो. तिथे जखम झाली, झोंबायला लागली, की माणूस तंबाखू सोडत नाही, बाजू बदलतो. घरच्यांच्या हे लक्षात येत नाही. रोज समोर बसून तंबाखू मळणाऱ्या मित्राच्या येतं. म्हणून नाटकात डॉक्टर नाही, मित्र आहेत.

दत्ता "पित्त" म्हणतो ते अगदीच खोटं नाही, त्याला स्वतःलाही तसं वाटून घ्यायचं आहे. साधं तोंड आपल्या सगळ्यांना येतं. ते लहान, गोल असतं, मधे पिवळट आणि कडेने लाल, आणि भयंकर दुखतं. आठ-पंधरा दिवसांत आपोआप भरतं. दत्ताची जखम सुरुवातीला फक्त तिखटाला झोंबत होती, एरवी दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे साधीच असणार, असा हिशोब त्याने केला. इथे तो हिशोब उलटा आहे. कर्करोगाची जखम सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखायला लागते ती खोल गेल्यावर.

प्रवेश दुसरा

(सलून. गणपा दत्ताची दाढी करतोय.)

गणपा : गाल फुगव जरा. वस्तरा नीट फिरंना.

दत्ता : फुगवलाय की.

गणपा : उजवा फुगला. डावा फुगव. (थांबतो.) आ कर बघू.

दत्ता : दाढी कर गपगुमान.

गणपा : दत्ताभाऊ, तुझी तीन बोटं जात होती तोंडात. आता घालून दाखव.

(दत्ता दोन बोटं घालतो. तिसरं जात नाही. हलगीचा एकच ठोका.)

बाजारात ही जागा आली की बघणाऱ्यांपैकी निम्मे पुरुष नकळत स्वतःची बोटं तोंडापाशी नेतात. तुम्हीही आत्ता करून बघा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका उभी एकावर एक धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये गेली पाहिजेत. जात नसतील तर गालाची आतली त्वचा ताठ झालेली असू शकते. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांत हे फार दिसतं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी हे तोंड रोज दिसतं. तोंड कमी उघडणं म्हणजे कर्करोग नव्हे. पण त्या तोंडात कर्करोग होण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि तोंड उघडत नसल्याने आतली जखम दिसतही नाही.

न्हावी मुद्दाम घेतला आहे. जबड्याखाली आलेली गाठ त्याच्या बोटांना लागते, गालाचा ताठरपणा वस्त्याला कळतो. एका गावात प्रयोग संपल्यावर तिथले सलूनवाले दादा म्हणाले, "ह्यो मीच हाय." ते खरंच गिऱ्हाइकांना आ करायला सांगत होते.

प्रवेश तिसरा

(रात्र. पारावर तिघं.)

अन्वर : दत्ता, किती बाजार झाले?

दत्ता : कसले?

अन्वर : पित्ताला.

दत्ता : (बोटं मोजतो) सात.

शिवा : साधं तोंड आलं तर दोन बाजारांत जातं. तिसरा बाजार बघत नाही.

दत्ता : बोरोग्लिसरीन लावतोय. बी कॉम्प्लेक्स खाल्ल्या. तुरटीच्या गुळण्या केल्या.

शिवा : मग गेलं का?

(शांतता.)

दत्ता : माझ्या चुलत्याचं असंच झालं. चिमटा लावला, तुकडा काढला, सहा महिन्यांत गेला. हात लावला की पसरतंय ते.

अन्वर : तुझा चुलता दाखवायला गेला तवा गालाला भोक पडलं होतं. तुकड्यानं न्हाय गेला.

दत्ता : हंगाम संपू दे. कारखाना बंद झाला की जातो.

शिवा : हंगाम संपायला चार महिने हायत. ट्रॅक्टर मी चालवतो चार दिवस.

दत्ता : पैसे?

अन्वर : रेशनकार्ड घे, आधारकार्ड घे. उद्या सातची यष्टी. मी हाय संगं. तिथं कोण काय म्हणतंय ते दोघं ऐकू.

दत्ता : आणि तसलंच निघालं तर?

अन्वर : तर सात बाजारांवर निघंल. सतराव्यावर काढायचं का?

(दत्ता पुडी काढतो, बघतो, खिशात परत ठेवतो. हलगी.)

"तीन बाजार" हे माप पहिल्या तालमीत आमच्याच एका कलाकाराला सुचलं. आम्ही डॉक्टर "दोन ते तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारी जखम" असं म्हणतो. ते कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण जखमेची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. बाजार मात्र मोजता येतात. जखम तिसऱ्या बाजारालाही तिथेच असेल तर ती दाखवायची. पांढरा किंवा लाल चट्टा असेल आणि तो पुसून जात नसेल, तरी हेच माप.

दत्ताची भीती नाटकात आम्ही थट्टेवारी नेलेली नाही. त्याने चुलत्याला खरंच मरताना पाहिलं आहे. तुकडा तपासण्याने रोग पसरतो ही समजूत अशाच अनुभवांतून येते: उशिरा गेलेला माणूस, तुकडा काढलेला, पाठोपाठ मृत्यू. क्रम खरा आहे, कारण चुकीचं. तुकडा तपासल्याने कर्करोग पसरत नाही. अन्वरही व्याख्यान देत नाही, ज्याने तो चुलता पाहिला आहे तोच माणूस एक वाक्य बोलतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. तिघांपैकी एकानेही दत्ताला तंबाखूवरून झापलेलं नाही. झापलं की माणूस दाखवायला येत नाही, कारण तिथेही झापतील असं त्याला वाटतं. आधी जखम दाखवू दे. तंबाखू सोडवायला नंतर मदत मिळते, 1800-11-2356 हा सरकारचा मोफत फोन आहे.

प्रवेश चौथा

(एसटीचा दांडा धरून दत्ता आणि अन्वर उभे.)

दत्ता : तिथं करतात काय रे?

अन्वर : बघतात. मग सांगतात.

(हलगी. संपलं.)

निदान आम्ही दाखवत नाही. बऱ्याच ठिकाणी सूचना आली की शेवटी दत्ता मेलेला दाखवा, लोक घाबरतील. घाबरलेला माणूस जास्त लपवतो असं माझं मत आहे, आणि गर्दीत एखादा दत्ता उभा असतोच.

तिथे काय करतात ते मात्र तुम्हाला सांगतो. डॉक्टर आधी टॉर्चने बघतात, मग हातमोजा घालून जखमेची कड बोटाने चाचपतात. कड मऊ आहे की भाकरीच्या करपलेल्या काठासारखी टणक आणि उचललेली, यावरून बराच अंदाज येतो. मानेत आणि जबड्याखाली गाठ आहे का पाहतात. शेजारी टोकदार दात असेल तर तो घासून किंवा काढून दोन आठवडे वाट बघता येते, कारण दात लागूनही जखम होते आणि दात गेला की ती भरते. कड टणक असेल तर वाट बघत नाहीत. इंजेक्शनने जागा बधिर करून कडेचा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा घेतात. एखादा टाका, काही वेळ कापूस चावून धरायचा, त्या दिवशी गार आणि मऊ खायचं. रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो.

समजा दत्ताचा रिपोर्ट कर्करोगाचा आला. जखम दोन सेंटिमीटरच्या आत असेल, खोल गेली नसेल आणि मानेत गाठ नसेल, तर पुष्कळदा एका शस्त्रक्रियेवर काम भागतं. गालाचा तो भाग काढतात, मानेतल्या गाठीही बहुधा तपासणीसाठी काढतात. असे बहुतेक रुग्ण बरे होतात. तीच जखम जबड्याच्या हाडापर्यंत पोचली असेल तर हाड कापावं लागतं, छातीची किंवा पायाची कातडी लावून गाल पुन्हा तयार करावा लागतो, वर किरणोपचार. बरं होण्याची शक्यताही बरीच खाली येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया बसतात, म्हणून अन्वर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घ्यायला सांगतो. बुडालेली मजुरी मात्र योजना भरून देत नाही. तिथे शिवाचं "ट्रॅक्टर मी चालवतो" हे वाक्य कामाला येतं.

प्रयोगाच्या शेजारी एक आडोसा करा. एक खुर्ची, टॉर्च, हातमोजे, लाकडी चमचे आणि तोंड तपासायचं प्रशिक्षण घेतलेलं एक माणूस. उपकेंद्रावर तिशीपुढच्या लोकांचं तोंड तपासतात, तिथल्या ताईंना आधी सांगितलंत तर त्या येतात. प्रयोग संपल्याबरोबर कुणी खुर्चीवर येऊन बसत नाही. गर्दी पांगते, हलगीवाला चहा प्यायला जातो, मग एकेक जण येतो आणि म्हणतो, "माझ्या मित्राला असं झालंय, त्यानं काय करावं?" आम्ही म्हणतो, "मित्राचं नंतर बघू. तुम्ही बसा, आ करा."