उकाडा आणि रिमझिम: भाचीला पत्र

वळसंग,
मृग नक्षत्र

प्रिय भाचीस,


सोलापूरच्या प्रवासावरच्या माझ्या लेखांचं तू केलेलं इंग्रजी वाचलं. वाक्यं मोकळी झाली आहेत. हवापाण्याच्या काही शब्दांवर मात्र पुन्हा बसावं लागेल, कारण परका माणूस ते वाचून इथे कधी यायचं आणि कुठे थांबायचं, ते ठरवणार आहे.

उकाड्याला तू सगळीकडे 'हीट' लिहिलं आहेस. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी असतं ते ऊन. झळा लागतात, ओठ फुटतात, पण हवा कोरडी असल्यामुळे घाम आला तसा वाळतो. उकाडा त्याच्यानंतरचा. मेअखेरीस ढग जमतात, वारा पडतो, हवेत ओल येते. पारा दोन-चार अंशांनी उतरलेलाही असतो, तरी जीव जास्त घाबरा होतो, कारण अंगावरचा घाम सुकतच नाही. माठाकडे बघितलं की फरक कळतो. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर झिरपलेल्या पाण्याची वाफ होऊन. कोरड्या उन्हात माठ छान गार राहतो, उकाड्यात तेच पाणी कोमट लागतं. कूलरचंही तसंच. म्हणून इथे 'मगी' लिही आणि वारा नाही हेही सांग. 'सल्ट्री' चुकीचा नाही, पण त्याला मादकतेची दुसरी छटा आहे, ती या लेखात नको.

उकाड्यात पावसाची चाहूलही असते. "फार उकडतंय" म्हणताना आपली माणसं आभाळाकडे बघतात. माझं वाक्य होतं, 'दोन दिवस उकाडा होता, संध्याकाळी वळीव झाला.' तू वळिवाला 'शॉवर' केलंस, त्यामुळे तो फारच सौम्य झाला. वळीव म्हणजे धुळीचा लोट, सोसाट्याचा वारा, विजा, कधी गारा. अर्ध्या-पाऊण तासात खेळ संपतो आणि शेजारच्या शिवारात थेंबही पडलेला नसतो. 'शॉवर' वाचलेला पाहुणा खुशाल लिंबाच्या झाडाखाली उभा राहील, आणि विजा चमकताना तीच जागा सर्वांत धोक्याची. तेव्हा असं कर: 'इट हॅड बीन मगी अँड विंडलेस फॉर टू डेज, टोवर्ड्स इव्हनिंग अ थंडरस्टॉर्म ब्रोक.' पहिल्या अर्ध्यातल्या कोंडीतूनच दुसरा अर्धा फुटतो, हे त्यात राहतं.

आता रिमझिम. तिला 'ड्रिझल' म्हणू नकोस. हवामानशास्त्रात ड्रिझलचा थेंब अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतो. असा पाऊस डबक्यावर पडला तर वर्तुळं उठत नाहीत, पत्र्यावर वाजत नाही. त्याला आपल्याकडे भुरभुर म्हणतात. जुलैत पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर वळसंगला बरेचदा तीच येते, कारण सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगांतलं बरंचसं पाणी घाटावरच पडून गेलेलं असतं. रिमझिमीचा थेंब याहून मोठा. तो ऐकू येतो, एका लयीत पडत राहतो आणि ऐकणाऱ्याला बरा वाटतो. 'सॉफ्ट, स्टेडी रेन' हे त्याच्या जवळ जातं. तोच पाऊस नकोसा झाला की आपण पिरपिर म्हणतो. पाणी तेवढंच, वैताग आपला. तिसऱ्या लेखात मी एसटीची वाट बघताना पिरपिर लिहिलं आहे, तिथे 'सॉफ्ट' अजिबात चालणार नाही. तिथे 'नॅगिंग' बसेल.

शेवटचा शब्द हस्त. हे नाव तसंच ठेव, पण तारखा दे: साधारण 27 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर. 'मान्सून' म्हटलं की बाहेरचा वाचक जुलै धरतो. सोलापूरकडे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्ताच्या आसपास पडतो. त्याच ओलीवर ज्वारीची पेरणी होते आणि काळी जमीन ती ओल धरून ठेवते, म्हणून पुढे पाऊस नसतानाही कणसं भरतात. भरल्या आभाळाचं सोलापूर ज्याला बघायचं आहे त्याने तेव्हा यावं, मात्र काळ्या रानात गाडी घालू नये, चाकं रुततात. हुरडा खायचा असेल त्याने डिसेंबर-जानेवारी धरावा.

एवढं बदललंस की पहिले तीन लेख छापायला देता येतील. चौथ्यात 'झड' आली आहे, त्यासाठी तुला सुचलेले दोन-तीन पर्याय पाठव. ती दिवसचे दिवस लागून राहते आणि घरातले कपडे वाळत नाहीत, हे त्यांत आलं पाहिजे.

तुझा,
मामा