‘परवा’ कोणत्या बाजूचा?

गेल्या शनिवारी, १४ तारखेला, आमच्या एका सहकाऱ्याचा निरोप आला : ‘परवा फॉर्म सबमिट, झेरॉक्स ठेव.’ मराठी परिपत्रकांच्या मागणीचा तो अर्ज होता. तो दिला गेला आहे की द्यावयाचा आहे, हे निरोपातून कळेना.

‘परवा’ हा शब्द कालच्या आधीच्या दिवसालाही चालतो आणि उद्याच्या नंतरच्या दिवसालाही. एरवी घोटाळा होत नाही, कारण ‘परवा दिला’, ‘परवा देऊ’ असे क्रियापदच काळ सांगते. इंग्रजी शब्द मराठीत आला तरी ‘सबमिट केला’, ‘सबमिट करायचा’ असा करणे-होण्याचा आधार त्याला लागतो. घाईच्या निरोपात नेमका तोच गळतो. कन्नडमध्ये ही अडचण नाही. तेथे मागच्यासाठी ‘मोन्ने’ आणि पुढच्यासाठी ‘नाडिद्दु’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. आमच्या बेळगावात काहीजण अशा वेळी सरळ कन्नड शब्द वापरतात, आणि त्यात आम्हांस काही वावगे वाटत नाही.

‘झेरॉक्स ठेव’ यानेही उलगडा होईना. पोचेची प्रत जपायची, की अर्जाची प्रत तयार ठेवायची? ‘परवाच ना?’ असे विचारण्यात अर्थ नव्हता. ‘होय’ हे उत्तर दोन्हींकडे बसते. म्हणून आम्ही वार, तारीख आणि क्रियापद घालून विचारले : ‘गुरुवारी १२ ला दिलात, की सोमवारी १६ ला द्यायचा?’ उत्तर आले : ‘सोमवारी. सही राहिलीय तुमची.’