नॅप्थॅलीनचे पाच किलोज्यूल

चेन्नईतल्या कॉलेजात बॉम्ब कॅलरीमीटरचं प्रॅक्टिकल मी नेहमी नॅप्थॅलीनवर घेतो, म्हणजे आपल्या डांबरगोळीतलंच, पण शुद्ध. अर्ध्या ग्रॅमची दाबून केलेली वडी, तिला टेकलेली बारीक तार, पोलादी भांड्यात 30 वातावरण दाबाचा ऑक्सिजन आणि भोवती 2 लिटर पाणी. वडी जळते आणि पाणी जेमतेम दोन अंशांनी तापतं.

भांडं फुगत नाही, म्हणून आतल्या वायूला बाहेर ढकलायचं काही काम उरत नाही. मिळालेली सगळी उष्णता म्हणजे अंतर्गत ऊर्जेतला बदल, ΔU. नॅप्थॅलीनला तो मोलमागे साधारण −5151 किलोज्यूल भरतो. कोष्टकात मात्र ΔH छापलेलं असतं, म्हणजे हेच ज्वलन स्थिर दाबाखाली झालं तर सुटणारी उष्णता. मधलं अंतर वायूचे मोल मोजून कापायचं:

C₁₀H₈(s) + 12O₂(g) → 10CO₂(g) + 4H₂O(l)
ΔH = ΔU + Δn·RT

वायूचे 12 मोल गेले, 10 आले. Δn = −2. तापमान 303 केल्विन धरा. पुस्तकातलं 298 आमच्याकडे एसीशिवाय मिळत नाही. दुरुस्ती येते −5.04 किलोज्यूल आणि ΔH होतं −5156.

हे पाच किलोज्यूल येतात कुठून? दोन मोल वायू नाहीसा झाला की सुमारे 50 लिटर जागा मोकळी होते. स्थिर दाबाखाली बाहेरचं वातावरण त्या जागेत शिरतं आणि आत शिरताना काम करतं. एक वातावरण दाब गुणिले 50 लिटर, की तेवढेच पाच किलोज्यूल. तेही उष्णता होऊन बाहेर पडतात. वायू वाढला असता, तर उलट आपल्याच उष्णतेतून वातावरण ढकलायला खर्च गेला असता.

मुलं अडखळतात ती पाण्यापाशी. ते वाफ धरलं की Δn +2 होतो आणि उत्तर −5146 येतं. म्हणून मी वडी ठेवण्याआधी भांड्यात एक मिलिलिटर पाणी घालायला लावतो. आतली हवा वाफेने आधीच भरली, की ज्वलनात तयार झालेलं पाणी द्रवच राहतं. भांडं उघडल्यावर भिंतींवरून बोट फिरवलं तरी ते कळतं.

दुसरी चूक मोठी, पण लगेच पकडता येणारी: R ज्यूलमध्ये, ΔU किलोज्यूलमध्ये, आणि बेरीज सरळ. मग 5151 मध्ये 5038 मिळतात आणि उत्तर जवळजवळ दुप्पट होतं.

खरं सांगायचं तर ही दुरुस्ती हजारात एक भाग आहे. दोन अंशांच्या वाढीत ती 0.002 अंश भरते, आणि आमच्या थर्मामीटरवर तेवढं अंदाजानेच वाचावं लागतं. तरीही चिन्ह चुकलं तर मी गुण कापतो.