जिना कोण चढणार?

भिवंडीत कामतघरला आईच्या घरी नेट बंद पडलं, तेव्हा मी पुण्यात होतो. केबलवाल्याला फोन केला. तो घरी न येताच पाच मिनिटांत नेट चालू करून मोकळा झाला. मला कौतुकच वाटलं. रात्री मात्र प्रश्न पडला, हा आत शिरला कुठून?

पुढच्या सुट्टीत राउटरचं पान उघडलं. Remote Management चालू, पोर्ट 8080, आणि परवानगीच्या रकान्यात 255.255.255.255. म्हणजे कुठूनही कोणीही यावं. युजरनेम admin, पासवर्डही admin. सगळं त्यानेच जोडणी करताना बसवलेलं.

त्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, सगळ्यांचंच तसं ठेवतो. नाहीतर प्रत्येकाचा जिना कोण चढणार?"

राउटरचा बाहेरचा पत्ता 100.72 ने सुरू होत होता. 100.64 ते 100.127 या पट्ट्यातले पत्ते कंपनीच्या आतल्या वापराचे असतात. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं असतात. मोबाइल डेटावरून तो पत्ता :8080 लावून टाकला, उघडला नाही. जरा हायसं वाटलं. मग वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. त्यांचं नेटही याच केबलवाल्याचं. त्यांच्या लॅपटॉपवर तोच पत्ता, पुढे :8080 लावून टाकला आणि आमच्या राउटरचं लॉगिन पान समोर! बाहेरच्या जगाला दार बंद, पण याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना उघडं. मोबाइलवर तपासून निर्धास्त झालो असतो, तर हे कळलंच नसतं.

काका काही करणार नाहीत. पण त्यांच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस असेल तर तो आपणहून शेजारचे पत्ते चाचपतो, admin टाकून बघतो. आत शिरला की DNS चा पत्ता बदलतो. मग आईने बँकेचं नाव अचूक टाइप केलं तरी पान भलतंच येऊ शकतं. तेव्हा ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो, आणि घाईत माणसं तो ओलांडून पुढे जातात. आमच्या DNS मध्ये बदल नव्हता, हे नशीब. जुलै 2017 मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम मालवेअरने बंद पाडले, तेव्हाही मूळ न बदललेला पासवर्ड हेच कारण निघालं होतं.

त्याला एवढंच सांगितलं: त्या रकान्यात फक्त तुझ्या ऑफिसचा पत्ता टाक, प्रत्येक घराला वेगळा पासवर्ड दे. त्याचं काम तरीही सोपंच राहिलं असतं. त्याने ऐकून घेतलं, केलं काहीच नाही. मी आमचं Remote Management बंद केलं, पासवर्ड बदलला. बाकीच्या घरांचं काय, या प्रश्नावर त्याने खांदे उडवले. मला आलेला राग अजून जात नाही.

परवा आईचं नेट पुन्हा गेलं. जिना चढायला त्याला दुसरा दिवस उजाडला. आई वैतागली, आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं, चालू ठेवलं असतं तर बरं झालं असतं.