सव्वा मिलीमीटर

मोरचूद म्हटलं की नारायणगाव-जुन्नरकडच्या माणसाला द्राक्षबाग आठवते. चुन्यात कालवलेलं ते निळं पाणी, पानांवर सुकून राहिलेले त्याचे ठिपके. निघोज्यात तोच निळा रंग मला गाड्यांच्या बॉनेटखाली भेटतो. तांब्याची केबल, बॅटरीतून पोस्टच्या कडेने झिरपत वर आलेलं सल्फ्युरिक ॲसिड आणि थोडी ओल, एवढं एकत्र आलं की बागेत फवारायचं मोरचूद टर्मिनलवर आपसूक धरतं. त्याच्या शेजारी पांढरा, भुसभुशीत थर असतो. तो शिशाचा. दिसायला देखणं प्रकरण आहे, पण त्याला कोरड्या हाताने खरवडू नये आणि त्यावर फुंकर तर मुळीच मारू नये. शिसं श्वासातून आत गेलं की सहजी बाहेर येत नाही.

आमच्या गावाला गाड्यांचा तोटा नाही. एका अंगाला इंद्रायणी, पलीकडे तळवडे; दुसऱ्या अंगाला चाकण एमआयडीसीचा चौथा टप्पा आणि त्यात महिंद्राचा कारखाना. गेटातून बाहेर पडणाऱ्या नव्या गाडीचं टर्मिनल चकचकीत असतं. सुट्या भागांच्या पेट्या घेऊन गेटाबाहेर रांगेत थांबलेल्या जुन्या पिकअपचं तसं नसतं. दिवसात पंचवीस वेळा सेल्फ मारायचा, मधले तास पावसात उभं राहायचं आणि बॉनेट उघडायचं ते गाडी बंद पडल्यावरच.

शेजारच्या दादांची पिकअप अशीच श्रावणात एका सकाळी अडून बसली. चावी फिरवली की नुसतं कट-कट, आणि मीटरवरचे दिवे विझल्यासारखे मंद. जमलेल्या चौघांनी एका सुरात निकाल दिला, बॅटरी गेली. वळणावरच्या गॅरेजचे मिस्त्री आले आणि त्यांनी आधी मल्टिमीटर काढला. दोन्ही पोस्टच्या माथ्यांवर टोकं टेकवली तर साडेबारा व्होल्ट. म्हणजे बॅटरीत जीव होता. मग एक टोक प्लसच्या पोस्टवर आणि दुसरं त्याच पोस्टला मिठी मारून बसलेल्या क्लॅम्पवर ठेवून त्यांनी सेल्फ मारायला सांगितलं. मीटरने दोन व्होल्टच्या वर आकडा दाखवला. निरोगी जोडावर इथे व्होल्टचा एखादा दशांश भाग सांडतो. बाहेरून घट्ट दिसणाऱ्या त्या दोन धातूंच्या मध्ये न दिसणारी एक भिंत उभी राहिली होती आणि सेल्फला लागणारे शेकडो अँपिअर तिच्यावर डोकं आपटत होते. नवी बॅटरी आणून हाच क्लॅम्प तिच्यावर चढवला असता, तर पैसेही गेले असते आणि कट-कटही राहिली असती.

तर क्लॅम्प काढायचा. पण हात घालण्याआधी मिस्त्री दादांना म्हणाले, “दादा, घड्याळ काढा. अंगठीपण.”

“मी कुठं हात लावतोय?”

“लावणार की. टॉर्च कोण धरणार? पाना भाजला तर पाना जातो. अंगठीत बोट असतंय.”

ही भीती पोकळ नाही. बारा व्होल्टचा झटका माणसाला जाणवत नाही, म्हणून लोक बॅटरीला गरीब समजतात. पण प्लस आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये धातूचा तुकडा आडवा पडला, तर त्यातून इतका करंट धावतो की अंगठी क्षणात तापून लाल होते. आणि दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. झाकण फुटतं आणि आतलं ॲसिड तोंडावर येतं. म्हणून बॉनेट उघडून थोडा वेळ वारा लागू द्यायचा, चार्जर लावलेला असेल तर तो आधी बंद करायचा, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. चावी काढायची, दारं लावून घ्यायची, केबिनमधला दिवासुद्धा चालू नको. नवीन गाड्यांतले कॉम्प्युटर चावी काढल्यावरही काही मिनिटं जागे असतात. त्यांना झोपू द्यायचं. करंट वाहत नसेल तर तार सुटताना ठिणगी पडत नाही, एवढं साधं गणित आहे.

मग पहिला मायनस. गाडीचं सगळं अंग मायनसला जोडलेलं असतं. मायनस लागलेला असताना प्लसचा नट सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक मडगार्डला लागलं, की शॉर्ट. मायनस सुटलेला असेल तर तोच पाना तसाच लागू दे, काही होत नाही; वाट पूर्ण होत नाही. जोडताना क्रम उलटा, प्लस आधी आणि मायनस शेवटी.

इथे एक अडचण हमखास येते. मायनसचाच क्लॅम्प पकडलेला असतो. मग माणूस वैतागून म्हणतो, चला, आधी प्लस काढू. तसं करू नये. मायनसची केबल दुसऱ्या टोकाला गाडीच्या अंगावर किंवा गिअरबॉक्सवर बोल्टने बसवलेली असते. ती तिथून सोडायची. वाट तुटते, आणि ठिणगी पडलीच तर ती बॅटरीपासून, म्हणजे गॅसपासून लांब पडते. हे मला त्या दिवशी मिस्त्रींनी सांगितलं. इतकी सरळ युक्ती लोकांना सुचत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दादांच्या गाडीत मायनस मुकाट्याने निघाला. मिस्त्रींनी तो बाजूला वळवून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला, म्हणजे केबल आपल्या पिळाने परत पोस्टवर येऊन टेकायला नको. प्लस मात्र हलेना. त्यांनी घरातून खाण्याचा सोडा मागवला. कपभर गरम पाण्यात एक मोठा चमचा. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना, ते बघून घेतलं, कारण हे पाणी सेलमध्ये उतरलं तर आतलं ॲसिड मारतं. मग थोडं थोडं ओतलं. फसफसून फेस आला. निळा थर पाण्यात विरघळून गेला. पांढरा तेवढा विरघळत नाही, तो सैल होऊन ओल्या फडक्यावर आला. फेस थांबला म्हणजे तिथलं ॲसिड संपलं.

दहाच्या पान्याने नट सोडवताना त्यांनी दुसऱ्या हातात पक्कड घेऊन क्लॅम्प धरून ठेवला. पान्याचा पीळ पोस्टपर्यंत जाता कामा नये. पोस्ट शिशाचा असतो, मऊ. आणि खाली झाकणाच्या आत तो प्लेटांच्या पट्टीला जोडलेला असतो. वरून पिळला की खालचा जोड चिरतो किंवा पोस्टभोवतीचं सील उघडतं. नट निघाला, क्लॅम्पची फट स्क्रू-ड्रायव्हरने किंचित रुंद केली, तरी क्लॅम्प जागचा हलला नाही.

इथेच बहुतेकांची बॅटरी मरते. स्क्रू-ड्रायव्हर क्लॅम्पखाली सारायचा आणि झाकणावर टेकू देऊन उचकटायचं. जोर लागतो खरा, पण टेकू प्लास्टिकच्या पातळ झाकणावर असतो आणि ओढ एकाच बाजूने. झाकण तडकतं, नाहीतर पोस्ट तिरका होतो. हातोडीचा तर विषयच नको.

मिस्त्रींच्या पेटीतून तळहाताएवढा पुलर निघाला. कारखान्यांत बेअरिंग काढायला वापरतात त्याचाच धाकटा भाऊ. दोन वाकडे पाय, मधोमध स्क्रू, स्क्रूच्या डोक्यावर आडवा दांडा. पाय क्लॅम्पच्या खालच्या कडेला समोरासमोर अडकवले, केबल आणि नटाची जागा टाळून. स्क्रूचं टोक पोस्टच्या बरोबर मधोमध. मऊ शिशात टोक रुतू नये म्हणून मध्ये पितळेची छोटी चकती. पुलर सरळ उभा आहे ना, हे त्यांनी दोन बाजूंनी वाकून पाहिलं. तिरका असेल तर एक पाय आधी ओढतो आणि क्लॅम्प पोस्टला चावतो.

या अवजाराची सगळी अक्कल एका गोष्टीत आहे. ते ज्याच्यावरून ओढतं, त्यालाच रेटतं. पाय क्लॅम्पला वर घेतात, स्क्रू पोस्टला खाली दाबतो, आणि दोन्ही जोर पुलरच्याच चौकटीत एकमेकांना खाऊन टाकतात. झाकणाला, सीलला, आतल्या प्लेटांना काही कळतही नाही.

मिस्त्रींनी पाव फेरा दिला आणि थांबले. आठ मिलीमीटरच्या साध्या स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे सव्वा मिलीमीटर. पाव फेरा म्हणजे मिलीमीटरचा तिसरा हिस्साही नाही. दांडा कडक लागायला लागला तेव्हा त्यांनी जोर वाढवला नाही. ताण तसाच ठेवून सोड्याचं गरम पाणी पुन्हा सोडलं आणि विडी न पेटवता (बॅटरीपाशी ते पेटवत नाहीत) उगाच हातात फिरवत बसले. मग आणखी पाव फेरा. टक् असा आवाज आला. दादा दचकले, त्यांना वाटलं काहीतरी तुटलं. तुटला होता तो क्षाराचा थर.

त्यानंतरचं काम सोपं, कारण पोस्ट वर निमुळता असतो. नऊ मिलीमीटर उंचीला जाडी एक मिलीमीटरने कमी होते. क्लॅम्प जेमतेम एक मिलीमीटर वर सरकला की चहूबाजूंनी सुटा पडतो. पुलरची गरज तेवढ्या पहिल्या मिलीमीटरपुरती. पुढे हाताने उचलला.

एक गोष्ट मात्र बघून घ्यायची. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवर चार्ज मोजणारी छोटी डबी असते आणि प्लसवर फ्यूजची पेटी. पुलरचा पाय त्यांच्याखाली घालायचा नाही. क्लॅम्पची धातूची कड सापडत नसेल, तर गरम पाणी आणि सबुरी, दुसरं काही नाही.

ब्रशने पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू घासल्यावर राखाडी शिसं चमकलं. प्लस जाडा, मायनस बारीक, त्यामुळे अदलाबदल व्हायची भीती कमी. प्लसचा पोस्ट माथ्याला साडेसतरा मिलीमीटर, मायनस सोळाच्या किंचित आत. जपानी धाटणीच्या बॅटरीत दोन्ही याहून बारीक असतात, आणि तिथे मोठा क्लॅम्प पत्र्याची पट्टी भरून बसवलेला असेल तर दुखणं महिन्याभरात परत येतं. क्लॅम्प खाली दाबून बसवले, बेताने आवळले, वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. मीटर पुन्हा पोस्ट आणि क्लॅम्पमध्ये ठेवला. सेल्फ मारताना आकडा व्होल्टच्या दशांशाच्याही खाली राहिला आणि गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली.

दादा पैसे काढत होते तेवढ्यात मिस्त्रींनी पोस्टच्या बुडाशी बोट दाखवलं. घासून कोरडं केलेल्या जागी ओलसर कड उमटत होती. “सील गेलंय. गणपतीपर्यंत परत पांढरं दिसलं तर मला बोलवू नका, सरळ बॅटरी बदला.”